सातवीसाठी सुतळीवरची कालरेषा

प्रश्न: सातवीच्या इतिहासात कालक्रम आणि कार्यकारणभाव शिकवायला कालरेषेचा उपक्रम कसा घ्यावा?

अख्खं पुस्तक नको, सातच वर्षं घ्या. अडीच मीटर सुतळी, एक वर्ष म्हणजे 30 सेंटिमीटर. पाच कार्डं: लाल महालावरचा छापा (एप्रिल 1663), सुरत (जानेवारी 1664), पुरंदरचा तह (जून 1665), आग्र्याहून सुटका (ऑगस्ट 1666), कोंढाणा परत (फेब्रुवारी 1670). तारखा कार्डामागे लिहा. आधी मुलांना अंदाजाने क्रम लावू द्या, मग मोजून चिमटे लावा. पुण्यातल्या पोरांना लाल महाल आणि सिंहगड ओळखीचे, त्यामुळे वाद लगेच पेटतो.

मग लाल दोरा, फक्त कारणासाठी. इथे हमखास घोळ होतो: मुलं शेजारची सगळी कार्डं 'त्यामुळे' म्हणत जोडतात. प्रत्येक दोऱ्याला विचारा, "आधीचं घडलं नसतं तर हे घडलं असतं का?" आग्र्यामुळे कोंढाणा घ्यावा लागला? नाही. तो तहात दिलेल्या 23 किल्ल्यांपैकी होता, म्हणून दोरा आग्रा ओलांडून पुरंदरकडे जातो. उलट तहामागे जयसिंगाची स्वारी आणि तिच्यामागे लाल महाल, सुरत दोन्ही; तिथे दोन दोरे येतात.

आग्रा ते कोंढाणा मीटरभर सुतळी रिकामी दिसते. "सर, मधे काय झालं?" कुणीतरी विचारतंच. पुढचा तास तिथूनच.