नोट्सच्या फोटोंवरून पाच मिनिटांचं भाषण

प्रश्न: कोयना भूकंपावर सेमिनारमध्ये पाच मिनिटं बोलायचंय. वहीतल्या नोट्सचे फोटो आहेत. त्यावरून सुरुवात, तीन मुद्दे आणि शेवट असं भाषण कसं लिहू?

नोट्स ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने बोलायचं, असं अनेक शिक्षक सांगतात. माझा त्याला कायम विरोध आहे. नोट्स वाचनाच्या ओघात उतरतात, ऐकणाऱ्याला तो ओघ माहीत नसतो.

आधी फोटो वाचून टाइप करा, तेही आकडे वहीशी ताडून. घाईच्या अक्षरात १ आणि ९, ५ आणि ६ सारखेच दिसतात. दशांशाचा ठिपका फोटोत दिसला नाही तर ६.३ चे ६३ होतात. कोयनेच्या बाबतीत आणखी एक गोची आहे: तीव्रता कुठे ६.३ सापडते, कुठे ६.५. दोन्ही तुमच्याच अक्षरात असतील तर भाषणात 'सहाच्या वर' म्हणा आणि पुढे चला.

मग प्रत्येक नोंदीपुढे सु, १, २, ३ किंवा शे लिहा. ज्या नोंदीला यातलं काहीच लागत नाही ती सोडून द्या. भूकंपाची व्याख्या आणि पृथ्वीचे थर पहिले कापा, सेमिनारला आलेल्यांना ते येतं.

सुरुवात तारखेने करा: ११ डिसेंबर १९६७, पहाटे, कोयनानगर. दख्खनचं पठार तोवर स्थिर समजलं जायचं, हे लगेच सांगितलंत की लोक कान देतात. पहिला मुद्दा धरणाचा: शिवसागर जलाशय भरू लागला आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. दुसरा कारणाचा, आणि निम्मा वेळ इथेच द्या. पाण्याचं वजन खडकावर येतं, शिवाय पाणी भेगांत झिरपून तिथला दाब वाढवतं, त्यामुळे प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना धरून ठेवणारं घर्षण कमी होतं. ताण आधीपासूनच साठलेला असतो, पाणी फक्त निमित्त ठरतं. हे वाक्य गाळलंत तर 'धरणाने भूकंप केला' असा अर्थ निघतो आणि प्रश्नोत्तरांत पकडले जाता. तिसरा मुद्दा आजचा: तिथे धक्के अजून बसतात, म्हणून खोल विवर खणून अभ्यास झाला. शेवटाला दोन वाक्यं पुरेत: कोयनेत धक्के एका लहान पट्ट्यात येतात, त्यामुळे प्रस्तरभंगाच्या जवळ जाऊन मोजता येतं. आभाराची यादी नको.

सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे पाचशेच्या आत राहा. सुरुवात-शेवट मिळून शंभर, दुसऱ्या मुद्द्याला अडीचशे, उरलेले पहिल्या-तिसऱ्याला.

तुमच्या विभागात 'आदरणीय व्यासपीठ' म्हणायलाच लागत असेल तर म्हणा, पण तारखेआधी एका वाक्यात उरका. आणि फोटोत पानाची कड कापली गेली असेल तर अंदाजाने शब्द भरू नका, वही उघडा.