आजारपणाचा दाखला नको, शिबिराचे पत्र जोड

«मी बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि कबड्डी खेळते. राज्य अजिंक्यपद स्पर्धेनंतर कुमारी गटाच्या राज्य संघासाठी जे निवड शिबिर होणार आहे, त्याच्या यादीत माझे नाव आले आहे. शिबिर २७ डिसेंबर ते १० जानेवारी आहे आणि कॉलेजची पूर्वपरीक्षा २ जानेवारीला सुरू होते. प्राचार्य आणि क्रीडा विभागाकडे रजेचा अर्ज करायचा आहे. बाबा म्हणतात, खेळासाठी कोणी सोडणार नाही, म्हणून ओळखीच्या डॉक्टरांचा टायफॉइडचा दाखला जोडू; शिबिराचे ग्रेस गुण मिळाले की सगळे भरून निघेल. मात्र संघात निवड झाली नाही तर कबड्डी बंद, असेही त्यांनी सांगितले आहे. अर्ज कसा लिहू?»
— एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

तुझ्या पत्रातली पूर्वपरीक्षा मला फारशी काळजीची वाटली नाही. काळजी वाटली ती टायफॉइडच्या दाखल्याची आणि वडिलांनी घातलेल्या अटीची. म्हणून अर्जाचा मजकूर सांगण्याआधी या दोन गोष्टींविषयी स्पष्टपणे लिहितो, आणि हा भाग तू वडिलांना वाचायला द्यावास अशी माझी इच्छा आहे.

तुझी निवड झाली तर संघाची यादी आणि छायाचित्र स्थानिक वर्तमानपत्रात येईल, आणि त्याच तारखांना कॉलेजच्या दप्तरी तू अंथरुणाला खिळलेली असशील. हा विरोध केवळ प्राचार्यांसमोर उघडा पडेल असे समजू नये. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्याचा लाभ घेताना क्रीडा प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून या पडताळणीकडे संशयानेच पाहिले जाते. खरोखर मैदानावर घाम गाळून मिळवलेल्या प्रमाणपत्राशेजारी खोटा वैद्यकीय दाखला ठेवून आपल्याच मुलीच्या खऱ्या कामगिरीवर शंकेला जागा करून देणे, हे कोणत्याही वडिलांनी करू नये. शिवाय खोटा दाखला देणे हा डॉक्टरांच्या दृष्टीनेही व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय आहे, म्हणजे ओळखीच्या माणसालाही आपण अडचणीत आणतो.

दुसरी गोष्ट अटीची. कबड्डीच्या संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू असतात आणि शिबिराला त्याहून अधिक मुली बोलावल्या जातात, त्यामुळे काहींनी परत येणे हे शिबिराच्या रचनेतच आहे. कोपरारक्षकाच्या जागेसाठी तीन चांगल्या मुली आल्या, तर तिसरी कमी पडली म्हणून नव्हे, तर जागा नाही म्हणून घरी जाते. «निवड नाही तर खेळ बंद» हे ओझे घेऊन गेलेली मुलगी चढाईत धोका पत्करत नाही, दुखरा गुडघा लपवते आणि प्रशिक्षक नेमके तेच टिपतात. वडिलांनी ही अट शिबिराला निघण्यापूर्वी मागे घ्यावी. खेळ सुरू ठेवायचा की नाही, याचा निर्णय बोर्डाची परीक्षा झाल्यावर शांतपणे घेता येईल.

आता ग्रेस गुणांचा गैरसमज, कारण तुमच्या घरचे सगळे गणित त्यावर उभे आहे. निवड शिबिराला हजर राहिल्याबद्दल सवलतीचे गुण मिळत नाहीत. हे गुण मान्यताप्राप्त स्पर्धेतील सहभाग किंवा प्रावीण्य यासाठी असतात, आणि त्यांचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या पडताळणीनंतर बोर्डाकडे जातो. म्हणजे तुझ्या बाबतीत उपयोगी पडू शकेल असा कागद शिबिरातून यायचा नसून तो बहुधा आधीच तुझ्या घरात आहे: जिल्हा संघातून राज्य अजिंक्यपद स्पर्धा खेळल्याचे प्रमाणपत्र. ते आजच क्रीडा शिक्षकांना दाखव आणि त्यावर प्रस्ताव करता येतो का, ते विचार. मात्र अभियांत्रिकीला जायचे असेल, तर तिथली गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते आणि बारावीचे सवलतीचे गुण त्यात चढत नाहीत, हेही वडिलांना ठाऊक असू दे. उलट, पूर्वपरीक्षेचे गुण बोर्डाच्या गुणपत्रिकेत येत नाहीत; ती बुडाली तर सराव बुडतो, आणि तो नंतर करून घेता येतो.

प्राचार्य खेळासाठी सोडणार नाहीत, असे वडिलांना वाटण्यामागे एक कारण असू शकते. शालेय क्रीडा स्पर्धा जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत होतात, त्यामुळे त्यांची माहिती कॉलेजला आपोआप असते. तुझे शिबिर मात्र राज्य संघटनेचे आहे आणि त्याचा निरोप बहुतेक वेळा प्रशिक्षकांच्या व्हॉट्सॲपवर येतो. प्राचार्यांपुढे मोबाइलवरचा फोटो धरला, तर ते नाही म्हणतात आणि त्यांचे चूक नसते. संघटनेच्या लेटरहेडवरचे, जावक क्रमांक, तारीख आणि सचिवांची सही असलेले पत्र मागून घे. त्यात तुझे नाव, शिबिराचे ठिकाण आणि हजर होण्याची वेळ असली पाहिजे.

अर्ज एका पानाचा असावा. तो प्राचार्यांच्या नावे, पण «मार्फत: क्रीडा शिक्षक» अशा ओळीने लिही, म्हणजे क्रीडा विभागाची शिफारस त्याच कागदावर येते आणि दोन वेगळे अर्ज फिरवावे लागत नाहीत. मजकूर साधारण असा असू दे:

«कुमारी गटाच्या राज्य कबड्डी संघाच्या निवड शिबिरासाठी माझी निवड झाली असून संघटनेचे पत्र सोबत जोडले आहे. प्रवासासह दि. २६ डिसेंबर ते ११ जानेवारी या कालावधीत मला कॉलेजमध्ये उपस्थित राहता येणार नाही. ही अनुपस्थिती क्रीडा कारणास्तव नोंदवावी आणि या काळात होणाऱ्या पूर्वपरीक्षेच्या विषयांची फेरपरीक्षा १२ जानेवारीनंतर घ्यावी, ही विनंती. परतल्यावर शिबिराचे उपस्थिती प्रमाणपत्र सादर करीन. अंतिम संघात निवड झाल्यास राष्ट्रीय स्पर्धेसाठी स्वतंत्र अर्ज करीन.»

खाली तुझी आणि वडिलांची, दोघांचीही सही हवी. शेवटचे वाक्य गाळू नकोस. शिबिर आणि स्पर्धा यांची रजा एकाच अर्जात मागितली, तर न झालेल्या निवडीवर महिनाभराची सुटी मागितल्यासारखे होते आणि पहिला भागही अडकतो. ज्या तारखा प्रत्यक्ष पत्रावर आहेत, तेवढ्याच माग.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का घे. त्यानंतरची पायरी बरेच खेळाडू विसरतात: प्राचार्यांचा शेरा फाइलमध्ये राहतो आणि हजेरीपटावर वर्गशिक्षक गैरहजेरीच मांडतात, मग ७५ टक्के उपस्थितीचा हिशेब लागतो तेव्हा धावपळ होते. म्हणून शेरा मिळालेल्या अर्जाची झेरॉक्स वर्गशिक्षकांना आणि परीक्षा विभागप्रमुखांना स्वतः नेऊन दे.

राष्ट्रीय स्पर्धा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत आली, तर ती बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला भिडू शकते, आणि तिथे मात्र गुण बोर्डाचे आहेत. प्रात्यक्षिके तुकड्यांनी होतात. तारीख कळताच कॉलेजच्या वेळापत्रकातली दुसरी तुकडी मिळते का, ते विचार. तेही जमले नाही तर लेखी परीक्षेनंतर होणाऱ्या ‘आउट ऑफ टर्न’ प्रात्यक्षिकासाठी प्राचार्यांकडे वेळेत लेखी अर्ज करावा लागेल. लेखी परीक्षेच्या तारखा मात्र कॉलेजच्या हातात नसतात, म्हणून स्पर्धा तिथपर्यंत लांबली तर परीक्षाच निवड.

आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र या तिन्ही जर्नलांवर २६ डिसेंबरच्या आत शिक्षकांच्या सह्या घेऊन ठेव. प्रमाणित जर्नल नसेल तर प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळ्यात आधी तिथेच अडवतात.