एकाच घरातले दोन थकवे

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दिवाळीनंतर पंधरा दिवस रजा घेतली. परत आल्यावर चौथ्याच नाइटला पुन्हा तोच थकवा. परवा एका बाळंतिणीच्या सासूवर इतकी ओरडली, आणि पाच मिनिटांनी मले त्याचं काही वाटलंच नाही. याचंच जास्त भ्या वाटते. मिस्टर म्हणतात, मीही थकलोच, पण मी कुठं ओरडतो? मंग माह्यातच खोट आहे का? नोकरी सोडू का?

उत्तर : हे जोडपं एकत्रच भेटायला आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. दोघांच्याही तोंडी शब्द एकच होता, थकलो. पण नीट विचारलं तेव्हा कळलं की दोघांचे थकवे वेगळ्या जातीचे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडणार नाही.

कामाच्या सततच्या ताणानं माणूस आतून रिकामा होणं, याला बर्नआउट म्हणतात. तो मोजायची सगळ्यात रुळलेली प्रश्नावली क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये मांडली. तिच्यात 22 विधानं आहेत आणि तीन वेगळी मापं. पहिलं शिणाचं : काम संपल्यावर आपल्यात द्यायला काही उरलं नाही असं वाटणं. दुसरं तुटकपणाचं : समोरचा माणूस माणूस न राहता ‘बेड नंबर सहा’ होणं. तिसरं उलट्या बाजूनं वाचायचं असतं : आपल्या हातून काही चांगलं घडतंय ही जाणीव किती शिल्लक आहे. प्रत्येक विधानाला ‘किती वाटतं’ असं विचारत नाहीत, ‘किती वेळा वाटतं’ असं विचारतात. कधीच नाही याला 0, रोज याला 6. आणि तीन मापांची बेरीज करून एकच आकडा काढायचा नसतो. बेरीज केली असती तर या नवरा-बायकोतला फरक तिथंच पुसला गेला असता.

सिस्टरचा शीण जवळजवळ रोजचा निघाला, तुटकपणा आठवड्यातून बरेचदा. पण तिसरं माप शाबूत. अवघड बाळंतपण नीट पार पडलं की त्या दिवशी घरी जाताना आजही बरं वाटतं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. गुरुजींचं उलटं. शीण महिन्यातून दोन-चारदा. पोरांबद्दल तुटकपणा नाहीच, पोट्ट्यांची नावं निघाली की ते खुलत. पण ‘आपण शिकवतो त्यानं काही होत नाही’ हे त्यांना आठवड्यातून कितीतरी वेळा वाटे. म्हणून ते ओरडत नव्हते. ते सहनशील होते आणि बायको चिडकी, असा हा मामला नव्हता.

आकड्यांच्या आधी एक काम उरकलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आजार म्हणून नोंदलेला नाही, तो कामाशी जोडलेला प्रकार म्हणून आहे, आणि तो फक्त कामापुरताच वापरायचा शब्द आहे. उदासी घरी, सणाला, माहेरीही सुटत नसेल, दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ टिकत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर नैराश्याचा विचार आधी करायचा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबायचंच नाही. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. सिस्टरचं तसं नव्हतं, माहेरी त्या हसत-खेळत होत्या. पण रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 9.6 निघालं, थायरॉइड ठीक. दुसऱ्यांना लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या बाईचं स्वतःचं हिमोग्लोबिन दोन वर्षं कोणी पाहिलं नव्हतं!

आता रजेचं. मिना वेस्टमन आणि डोव्ह एडन यांनी 1997 मध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर पाहिलं होतं की सुटीत बर्नआउट खरोखर उतरतो, पण कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशीच थोडा परत चढलेला असतो आणि तीन आठवड्यांत पूर्वपदावर येतो. विहिरीचा उपसा पंधरा दिवस थांबवला की पाणी चढतं, पण मोटर तीच आणि झरेही तेवढेच, मग पाणी उतरायला किती दिवस लागणार?

उपसा आणि झरे हा हिशेब 2001 मध्ये एव्हान्गेलिया डेमेरूती, आर्नोल्ड बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडला. कामाच्या मागण्या म्हणजे जे जे अंगातली ताकद खातं : रात्रपाळी, गर्दी, घाई, नातेवाइकांचा संताप. साधनं म्हणजे जे काम पेलायला हात देतं : स्वतः ठरवायची मुभा, सहकाऱ्याची साथ, काम कसं झालं ते सांगणारं कोणी. मागण्या वाढल्या की मुख्यतः शीण वाढतो. साधनं आटली की माणूस कामातून मन काढून घेतो. दोन्ही वाटा एकाच वेळी सुरू असू शकतात, पण त्या दोन आहेत. तुटकपणा बहुतेक वेळा खोट नसते. काही हाताशी नसताना रोज तोंड द्यावं लागलं की मन स्वतःला वाचवायला दार लावून घेतं. ‘मनाला लावून घेऊ नको’ हा मिस्टरांचा सल्ला त्या दाराला आणखी एक कडी घालत होता.

सिस्टरांना सात नाइटचा जमाखर्च लिहायला सांगितला. वही नवी नको, ड्यूटीच्या डायरीतलंच मागचं पान. डाव्या बाजूला काय खाऊन गेलं, उजव्या बाजूला कशाची मदत झाली, आणि प्रत्येकाला वेळ. भावना लिहायच्या नाहीत, घटना लिहायची. रात्री आठ ते सकाळी आठ, वॉर्ड आणि लेबर रूम मिळून एकटी नर्स, डॉक्टर कॉलवर. आम्हाला वाटलं होतं की डाव्या बाजूला रजिस्टरं, औषधांचा साठा, सकाळचं चार्ज देणं हेच भरलेलं असेल. ते होतंही. पण सात रात्रींत चार वेळा त्या कोणावर तरी ओरडल्या होत्या, आणि त्यातल्या तीन वेळा प्रसंग एकच होता : पेशंटला जिल्ह्याला रेफर करणं.

तो प्रसंग उलगडून पाहिला. पेशंट पाहून झाला की डॉक्टर फोनवर ‘रेफर करा’ सांगतात. 108 ला फोन सिस्टर करतात. गाडी येईपर्यंतची चाळीस मिनिटं नातेवाइकांची. ‘इथं काऊन नाही होत? डॉक्टर कुठं हाय? मंग हे दवाखाने कायले बांधले?’ निर्णय सिस्टरांचा नाही, तो बदलायचा अधिकार त्यांना नाही, त्याचं कारण सांगायचीही त्यांना नीट मुभा नाही, पण शिव्या त्यांच्या वाट्याला. मागणी मोठी आणि हातात काही नाही, ही जोडी सगळ्यात वाईट, हे रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्येच सांगितलं होतं. ‘काही वाटेनासं’ होण्याची सुरुवात या चाळीस मिनिटांत होती. नऊ वर्षांच्या नोकरीत नव्हती.

म्हणून मागणीपत्र एका पानाचं झालं, वैद्यकीय अधीक्षकांना. त्यात ‘ताण’, ‘मानसिक त्रास’ हे शब्द मुद्दाम टाळले. असे शब्द आले की पत्राला ‘समुपदेशन घ्या’ असं उत्तर येतं आणि फाइल बंद होते. तीन तारखा, तीन वेळा, आणि तीन गोष्टी मागितल्या. रेफरचं कारण नातेवाइकांना डॉक्टरांनीच सांगावं, येणं जमत नसेल तर स्पीकरवर. गाडी निघेपर्यंत कक्षसेवकानं लेबर रूमच्या दाराशी थांबावं. आणि सलग सात नाइटऐवजी चार आणि तीन अशी विभागणी. पहिल्या दोन मान्य झाल्या, तिसरी नाही. जागा रिकाम्या आहेत, पाळीला माणूसच नाही. हे खरंच होतं, त्यावर भांडून उपयोग नव्हता.

गुरुजींचा जमाखर्च वेगळा निघाला. द्विशिक्षकी शाळा, दुसरे शिक्षक प्रतिनियुक्तीवर गेलेले, चार वर्ग एका खोलीत. पोषण आहाराची नोंद, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, मतदार यादीचं बीएलओचं काम, ग्रुपवर टाकायचे फोटो. एवढ्या मागण्या असून शीण कमी होता, कारण शिकवताना त्यांना मोकळीक होती. नव्हतं ते काम कसं झालं हे दाखवणारं काही. केंद्रप्रमुख आले की रजिस्टरं बघत. दिवाळीनंतर काही पोरं आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी जात आणि उन्हाळ्यात वाचन विसरून परत येत. मेहनतीचा पुरावाच डोळ्यांसमोर राहत नव्हता. अशा माणसाला सुटी देऊन काय होणार? मे महिना संपल्यावर ते जास्तच खचलेले असत.

त्यांना एकच काम दिलं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मुलाकडून त्याच पातळीचा, पण नवा उतारा एक मिनिट वाचून घ्यायचा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. उतारा तोच ठेवला तर मूल तो पाठ करतं आणि आकडा फसवतो, हे पहिल्याच खेपेला घडलं. बाहेरगावाहून परत आलेल्या मुलाचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्याशी लावायचा, वर्गाशी नाही. आणि केंद्रप्रमुख आले की रजिस्टर उघडायच्या आधी एका मुलाचं वाचन ऐकवायचं. दुसऱ्या भेटीत गुरुजींनी वही उघडून दाखवली. एका मुलीचे 11 शब्द सहा आठवड्यांत 34 झाले होते. पान त्यांनी बराच वेळ मिटलं नाही.

सिस्टरांना सहा आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. तुटकपणा आठवड्यातून बरेचदा होता, तो महिन्यातून दोनदा-तीनदावर आला. शीण थोडाच उतरला, आणि जेवढा उतरला त्यात लोहाच्या गोळ्यांचाही वाटा असणार. यात नवल नाही. आपण साधनं वाढवली होती, नाइटची संख्या तीच होती. मधे रुग्णालयात ताणमुक्तीचं शिबिर झालं, तेही नाइट ऑफच्या दिवशी. सिस्टरांच्या डायरीत ते डाव्या बाजूला लिहिलेलं होतं.

राहिली नोकरी सोडायची गोष्ट. जमाखर्च लिहायच्या आधी तो निर्णय घेऊ नये, एवढंच तेव्हा सांगितलं होतं, कारण दार लावून बसलेल्या मनाला सगळंच सोडावंसं वाटतं. मागितलेल्यातलं एकही साधन मिळालं नसतं आणि तुटकपणा तसाच राहिला असता, तर बदलीचा अर्ज हा पळपुटेपणा ठरला नसता. दोन साधनं मिळाली, म्हणून त्यांनी राजीनामा बाजूला ठेवला. चार-तीनच्या विभागणीचा अर्ज मात्र नवीन सिस्टर रुजू झाल्या की पुन्हा द्यायचा म्हणून डायरीत तसाच घडी घालून ठेवला आहे.