विम्याचा हप्ता तुकड्यांत भरता येईल का?

"भोसरीत छोटं मोल्डिंग युनिट आहे. आग, मशीन ब्रेकडाऊन आणि कामगार भरपाई, तिन्ही पॉलिसी मार्चअखेर संपतात. जीएसटी धरून १,१३,२८० रुपये एकदम भरायचे आहेत, पण पार्टीकडून पेमेंट जूनशिवाय येणार नाही. कंपनीने सहा हप्ते करून द्यावेत म्हणून अर्ज केला तर मिळतील का?"

अर्ज कराच, पण त्यावर विसंबू नका. विमा कायदा १९३८ च्या ६४ व्हीबी कलमानुसार प्रीमियम हातात आल्याशिवाय, किंवा त्याची ठरलेल्या रीतीने हमी मिळाल्याशिवाय, कंपनीला जोखीम घेता येत नाही. नियमांत काही ठरावीक सवलती आहेत, पण आपल्यासारख्या युनिटला शाखेने हप्ते करून दिलेले मी तरी पाहिले नाहीत. शाखा मॅनेजरवर चिडून उपयोग नाही.

तेव्हा कंपनीला पूर्ण रक्कम मिळाली पाहिजे आणि हप्ते तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी द्यायचे. प्रीमियम फायनान्स म्हणजे हेच. १५ टक्के दर धरला तर महिन्याला १९,७०० च्या आसपास हप्ता बसेल आणि सहा महिन्यांत व्याज साधारण पाच हजार जाईल. प्रोसेसिंग फी वेगळी. करारात एक गोष्ट नक्की पाहा: हप्ता चुकला तर पॉलिसी रद्द करून परतावा घ्यायचा अधिकार सावकाराला दिलाय का? दिला असेल, तर ऐन आगीच्या वेळी पॉलिसीच नसेल.

कॅश क्रेडिट खातं असेल तर आधी बँकेत जा. माल तारण असल्याने पॉलिसी त्यांनाही हवीच असते. लिमिट शिल्लक असेल आणि १०.५ टक्के दर असेल, तर तीच रक्कम सहा महिन्यांत फेडताना व्याज साडेतीन हजारांच्या आसपास जाईल. शिवाय प्रपोजलवर तुमचा जीएसटी नंबर नीट घातला असेल, तर १७,२८० चं क्रेडिट सहसा मिळतं, म्हणजे खरा भार ९६ हजारांचाच.

"मी भरतो, तुम्ही महिन्याला द्या" म्हणणारा एजंट आणि पुढच्या तारखेचे चेक, या दोन्हींपासून लांब राहा. माझ्या ओळखीच्या एका पॅकिंगवाल्याचा चेक वटला नाही. पॉलिसीचा कागद ड्रॉवरमध्ये होता, कंपनीने मात्र ती रद्द केलेली, आणि त्याला हे कळलं पाणी शिरल्यावर. पैसे दिल्यावर कंपनीची पावती आणि पॉलिसीवरची सुरुवातीची तारीख व वेळ पडताळून घ्या.

पुढच्या वर्षासाठी तारखा फोडा. मशीनची पॉलिसी यंदा चारच महिन्यांची घेतली तर तिची मुदत जुलैत जाईल. त्याचा दर मात्र विचारून घ्या. वर्षाला २४,००० असताना दिवसांच्या हिशेबाने चार महिन्यांचे ८,००० होतात, पण अल्पमुदतीच्या तक्त्यात निम्मे, म्हणजे १२,००० लावले होते मला. ते चार हजार एकदाच गेले. पुढे मार्चचा बोजा कायमचा हलका झाला. आगीची पॉलिसी मात्र बँकेला विचारल्याशिवाय हलवू नका.

आणि रक्कम कमी दिसावी म्हणून मालाची विमा रक्कम अर्धी करू नका. तसं केलं तर नुकसान थोडं असलं तरी भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते.