आत गेलेली हनुवटी आणि दाढीची खालची कड

प्रश्न: माझी हनुवटी थोडी आत गेलेली आहे आणि तिच्याखाली जराशी चरबीही आहे. दाढी किती वाढवावी आणि तिची कड कुठे घ्यावी, म्हणजे जबडा उठून दिसेल?

लांबीच्या आधी कडेचा विचार करावा, असे मी माझ्या सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लांबी जास्त राहिली तर मशीनने लगेच कमी करता येते, पण गळ्यावरची कड चुकीच्या जागी घेतली गेली, तर भरघोस दाढीसुद्धा चेहरा बिघडवते आणि केस पुन्हा येईपर्यंत काही करता येत नाही.

समोरच्या माणसाला आपले हाड दिसत नसते. त्याला दिसते ती जबड्याच्या कडेखाली पडलेली सावली. उजेड बहुतेक वेळा वरून येत असल्यामुळे चेहरा उजळ राहतो, गळा अंधारात जातो आणि या दोहोंच्या सीमेलाच आपण जबड्याची रेषा म्हणतो. हनुवटी आत असली किंवा तिच्याखाली चरबी असली, की हनुवटीपासून गळ्यापर्यंत एकच उतार तयार होतो, सावली विरून जाते आणि रेषाही दिसेनाशी होते. दाढीने करायचे काम म्हणजे त्या हरवलेल्या सावलीच्या जागी केसांचा गडद पट्टा आणून ठेवणे. यासाठी जबड्याच्या खालच्या बाजूचे केस सर्वांत उपयोगी असतात, आणि बहुतेक मुले नेमके तेच काढून टाकायला सांगतात.

“जबड्यावरून लाईन मारा” ही मागणी मी रोज ऐकतो. जबड्याच्या हाडावरूनच वस्तऱ्याने लाईन घेतली, तर त्याखालचा मऊ भाग उघडा पडतो, आणि गडद दाढीखाली उजळ कातडी आल्यामुळे नजर थेट तिथेच जाते. समोरून आरशात बघताना दाढीच्या खाली कातडीची पट्टी दिसत असेल, तर कड फार वर गेली आहे असे नक्की समजावे. चांगली कड समोरून दिसतच नाही. ती हनुवटीच्या आड राहते आणि मान वर केल्यावरच दिसते.

तिची जागा शोधण्याची पद्धत सोपी आहे. मान सरळ ठेवून समोर बघावे, तर्जनी हनुवटीच्या खाली आडवी लावावी आणि मागे सरकवत न्यावी. जिथे हनुवटीची खालची बाजू संपून गळा उभा सुरू होतो, त्या कोपऱ्यात बोट अडते. तोच दाढीचा सर्वांत खालचा बिंदू. साधारणपणे तो कंठमण्याच्या एक ते दोन बोटे वर येतो. ज्यांच्या गळ्याला असा कोपराच नसतो, त्यांनी मान किंचित खाली घालावी, म्हणजे पहिली घडी जिथे पडते ती जागा कळते. चरबी असेल तर मी दोन बोटांऐवजी एकाच बोटाचे अंतर ठेवतो. या बिंदूपासून दोन्ही बाजूंनी कानाच्या पाळीमागे जाणारी सैल कमान घ्यावी आणि कानाखाली, जबडा जिथे वर वळतो, तिथे ती थोडी बाहेरच ठेवावी. तो कोपरा गोल करून टाकला की चेहरा लगेच गुबगुबीत दिसू लागतो. कड ठरवताना मान सरळ असावी, आणि ठरल्यावरच मान वर करून केस काढावेत. आधीच मान मागे टाकली तर गळ्याची कातडी ताणली जाते, अंदाज चुकतो आणि कड बहुधा वर चढते.

आता लांबीकडे वळू. सगळीकडे एकसारखी लांबी ठेवणे तुमच्या चेहऱ्याला सोयीचे नाही, कारण तसे केल्याने आहे तोच आकार मोठा होऊन दिसतो. गालावर केस कमी, जबड्याच्या कडेवर त्याहून जास्त आणि हनुवटीवर सर्वांत जास्त, अशी चढती मापे ठेवावीत. कल्ल्याजवळ 3 मिलिमीटर, गालावर 5 ते 6, जबड्याच्या कडेवर 8 ते 9 आणि हनुवटीच्या पुढच्या भागावर 14 ते 18 मिलिमीटर ही मापे मध्यम दाटीच्या दाढीला चालतात. जबड्याच्या खाली, म्हणजे कडेपासून गळ्यापर्यंत, केस असावेत, पण ते कडेपेक्षा आखूड, 4 ते 5 मिलिमीटर असावेत, आणि गळ्याजवळच्या शेवटच्या बोटभर पट्ट्यात ते 2 ते 3 मिलिमीटरवर आणावेत. तिथे पूर्ण लांबी ठेवून एकदम वस्तरा फिरवला, तर बाजूने बघताना दाढी चिकटवल्यासारखी वाटते.

हनुवटी आत असणाऱ्यांनी मिशीकडेही लक्ष द्यावे. भरघोस मिशी वरच्या ओठाला पुढे आणते आणि त्यामुळे हनुवटी आणखी मागे गेल्यासारखी दिसते. म्हणून मिशी ओठाच्या कडेवर आखूड कापलेली, 5 ते 6 मिलिमीटरची असावी. खालच्या ओठाखाली जी खळगी असते तिथलेही केस आखूड ठेवावेत, म्हणजे लगेच खालची हनुवटीवरची लांबी पुढे आलेली जाणवते. हनुवटीचे केस कंगव्याने खाली न ओढता पुढे विंचरावेत आणि त्यांचा तळ कात्रीने सपाट कापावा. टोकदार तळ नजरेला खाली नेतो, सपाट तळ रुंदी देतो. हनुवटीवर 18 मिलिमीटर केस ठेवल्याने ती 18 मिलिमीटर पुढे येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. केस स्वतःच्या वजनाने खाली झुकतात आणि मिळणारा फायदा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाचे उदाहरण देतो, कारण त्याचा चेहरा तुम्ही वर्णन केल्यासारखाच होता. त्याला दुसरीकडे कुठेतरी थेट जबड्याच्या हाडावरून लाईन मारून दिली होती आणि गालाची कडही फार खाली उतरवली होती, त्यामुळे दाढीची जेमतेम दोन बोटांची पट्टी उरली होती. मी त्याला महिनाभर गळ्याला हात लावू दिला नाही. दाढीचे केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे त्याआधी काही करण्यासारखे नव्हतेच. महिन्याने गळ्याची कड कंठमण्याच्या एक बोट वर घेतली आणि गालाची कड कल्ल्यापासून मिशीच्या टोकापर्यंत जवळजवळ सरळ ठेवून फक्त वरचे सुटे केस काढले. मग मशीनला 6 मिलिमीटरची क्लिप लावून गालावरचे केस कापले. इथे एक अडचण आली. त्याच्या डाव्या जबड्याखाली केसांचा भोवरा होता आणि तिथले केस खाली न जाता कानाकडे वळत होते. दोन्ही बाजूंना मशीन एकाच दिशेने फिरवले असते, तर डावी बाजू केसांच्या उलट कापली जाऊन अधिक आखूड झाली असती आणि तिथे फिकट डाग दिसला असता. म्हणून त्या जागी मशीन वळवून केसांच्या दिशेने चालवले आणि उरलेले कंगव्यावर कात्रीने सारखे केले. तुम्ही घरी करणार असाल, तर मशीन हातात घेण्याआधी बोटांनी आपल्या दाढीचा कल तपासून घ्या. गळ्यावर तो बहुतेकांचा सरळ खाली नसतो. उजवीकडे आणि डावीकडे एकच क्लिप लावूनही दाढी वेगळी दिसते, ती बऱ्याचदा यामुळेच.

त्याच्या हनुवटीवर आम्ही आधी 18 मिलिमीटर ठेवून पाहिले. समोरून ते छान दिसत होते, पण बाजूने बघताना केस खाली लोंबून गळाच आखूड वाटू लागला. मग 14 वर आणले आणि हनुवटीच्या थेट खालचे केस 5 मिलिमीटर केले, तेव्हा कोपरा दिसू लागला. जास्त लांबीने जास्त फायदा होतो हा समज इथे खोटा ठरतो. तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे गेलेली दाढी जबडा दाखवत नाही, झाकते. ज्याला झाकायचेच आहे त्याने ती जरूर वाढवावी, पण तुमचा प्रश्न तो नाही.

आपल्याकडे शिवछत्रपतींच्या चित्रांतल्यासारखी खाली निमुळती होणारी दाढी ठेवण्याची आवड मोठी आहे आणि माझ्या खुर्चीवर बसणारी कितीतरी मुले तीच मागतात. ज्याच्या जबड्याला मुळात रुंदी आहे त्याला ती शोभून दिसते. मात्र हनुवटी आत असलेल्या, अरुंद जबड्याच्या चेहऱ्यावर ती चेहरा लांबवते आणि कानाखालचा कोपरा आणखी पुसट करते. तीच हवी असेल, तर गाल फार आखूड करू नका आणि जबड्याच्या कोपऱ्यावर 9 ते 10 मिलिमीटर केस राहू द्या.

गालावर दाढी विरळ असेल तर ही चढती मापे अधिकच उपयोगी पडतात, कारण विरळ जागा 3 मिलिमीटरवर आणली की ती मुद्दाम हलकी ठेवल्यासारखी दिसते. जबड्याच्या कडेवरच केस नसतील, तर मात्र कडेचा हा खेळ जमणार नाही. अशा वेळी हनुवटी आणि मिशी जोडून ठेवलेली छोटी दाढी बरी. वारंवार वस्तरा फिरवल्याने केस दाट होत नाहीत. कापलेले टोक बोथट असल्यामुळे ते फक्त खरखरीत लागतात.

परिणाम तपासताना हात लांब करून काढलेल्या सेल्फीवर विसंबू नका. कॅमेरा इतक्या जवळ असला की नाक मोठे आणि हनुवटी लहान दिसते. दुसऱ्या कोणाला तरी दीड-दोन मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीला फोन धरून, समोरून, तिरके आणि पूर्ण बाजूने असे फोटो काढायला सांगा. समोरून आणि तिरके बघताना दाढीने बराच फरक पडतो, पूर्ण बाजूने सर्वांत कमी पडतो. खालचे दात वरच्या दातांच्या पुष्कळ मागे बसत असतील किंवा झोपेत जोरात घोरण्याचा त्रास असेल, तर प्रश्न जबड्याच्या ठेवणीचा असू शकतो आणि तो दातांच्या डॉक्टरांना दाखवावा.

देखभालीत गळ्यावर दर दोन-तीन दिवसांनी वस्तरा लागतो, कारण तिथे खुंट आले की कड पुसट होते. तो केसांच्या दिशेनेच फिरवावा. उलटा फिरवला तर केस कातडीत वळून पुळ्या येतात, विशेषतः ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना. क्लिपची मापे आठवड्यातून एकदा पुरतात, आणि मशीन नेहमी कोरड्या, विंचरलेल्या दाढीवर चालवावे. ओले केस ताणले जाऊन लांब दिसतात, त्या अंदाजाने कापले की वाळल्यावर दाढी ठरवल्यापेक्षा आखूड निघते.