जिनिंगचा रिस्क रिपोर्ट शेठजींना दाखवताय? मग आधी हे बघा

भाऊ, तुझी शीट बघितली, काम चांगलंय पण क्रम डिपार्टमेंटनुसार लावलाय, म्हणून पहिल्याच ओळीत ऑफिसातला प्रिंटर आणि आगीचा धोका पार खाली. शेठजी खालपर्यंत जातच नाहीत ना भो, तेवढ्यात कापसाच्या भावाचा फोन येतो.

शक्यता आणि परिणाम १ ते ५ मध्ये दिलेस, गुणाकार केलास, ठीक. पण लाईट जाणं ५ गुणिले ३ म्हणजे १५, आणि कापसातून खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा जिनमध्ये जाऊन ठिणगी पडणं ३ गुणिले ५, तेपण १५. आकडा सारखा, म्हणून दोन्ही सारखे असं नाही. लाईट गेली तर पाळी बुडते, आग लागली तर गोडाऊन आणि माणसं. म्हणून आधी गुणाकाराने उतरता क्रम लाव आणि बरोबरी झाली की ज्याचा परिणाम मोठा तो वर.

दुसरं, शक्यता ३ म्हणजे काय ते तिथंच लिही, उदा. 'हंगामात एखाद्यावेळी'. नाहीतर सुपरवायझर आपल्या मनाने २ म्हणतो, फिटर ४, आणि मीटिंग त्यातच जाते.

पहिल्या पानावर फक्त वरचे तीन-चार ठेव, प्रत्येकासमोर काय मंजूर करायचंय तेही, जसं की आगीसमोर 'फीडिंगच्या आधी मॅग्नेट, खर्च इतका, सही'. मॅग्नेट लोखंड धरतो, खडा नाही, त्यामुळे तो बसवल्यावर शक्यता ३ ची २ दाखव, १ नको. परिणाम ५ च राहतो. बाकीची पूर्ण यादी मागे जोड.