गेममधले रंगीत ठिपके: ड्रायव्हरआधी मेमरी तपासा

गेम खेळताना पडद्यावर रंगीत ठिपके दिसतात म्हणून लगेच विंडोज पुन्हा टाकायची घाई करू नकोस. आधी ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट घे आणि तो मोबाईलवर उघडून बघ. तिथेही ठिपके असतील तर केबल आणि मॉनिटरवरचा संशय मिटला; चित्र ग्राफिक्स कार्डातून बाहेर पडायच्या आधीच बिघडतंय.

मग बघ, हे एकाच गेममध्ये, ठरावीक जागीच होतं का? तसं असेल तर दोष बहुधा गेमचा किंवा ड्रायव्हरचा. पण तीन-चार गेममध्ये, दहा-पंधरा मिनिटांनी कार्ड तापल्यावर, दर वेळी वेगळ्या जागी होत असेल तर संशय ग्राफिक्स मेमरीवर. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, आणि ज्या त्रिकोणांनी वस्तूंचे आकार बनतात त्यांच्या टोकांचे आकडे याच मेमरीत असतात. टेक्स्चरचा डेटा बिघडला की ठिपके किंवा बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसतात. टोकाच्या आकड्यातला एखादा महत्त्वाचा बिट उलटला की ते टोक भलतीकडे जातं आणि त्रिकोण पडद्याच्या कडेपर्यंत ताणला जातो.

खात्री करायला MSI Afterburner या कार्डाचा वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरक्लॉक, म्हणजे वाढवलेला वेग, असेल तर काढ, Memory Clock ला -300 दे आणि तोच गेम अर्धा तास चालव. ठिपके गेले किंवा खूप कमी झाले, तर मेमरी किंवा तिचा वीजपुरवठा कमजोर झालाय असं धर. तसेच राहिले म्हणून मेमरी निर्दोष ठरत नाही. चिप पूर्ण गेली असेल तर क्लॉक उतरवूनही फरक पडत नाही. विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या बायॉसच्या पडद्यावरही अशी नक्षी दिसली, तर विंडोजचा संबंधच उरला नाही.

वॉरंटी असेल तर कार्ड न उघडता स्क्रीनशॉटसकट परत दे. कार्ड ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त करायचे व्हिडिओ बघून नादी लागू नकोस.